आपल्या गावाचा दस्त नेमका कोणत्या कचेरीत?

मी शेतीखात्याचा माणूस. माझं काम बियाण्याचं, ठिबकचं, शेततळ्याचं. जमिनीच्या खरेदीविक्रीशी आमच्या खात्याचा थेट संबंध नाही. पण ठिबकच्या अर्जाला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर नाव लागायला आधी दस्त नीट नोंदलेला असावा लागतो. त्यामुळे दर हंगामाला पाच-सात जण तरी माझ्यासमोर खरेदीखताची पिशवी उघडून बसतात. त्या पिशव्यांमधून जे कळलं ते आज सांगतो. प्रश्न साधा वाटतो: आपल्या गावची जमीन कोणत्या सबरजिस्ट्रार कचेरीत नोंदवायची? पण या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. याच जमिनीचा आधीचा दस्त कोणत्या कचेरीत नोंदला गेलाय? पहिलं उत्तर दिवसेंदिवस सोपं होतंय, दुसरं अवघड होत चाललंय, आणि पैसे बुडतात ते दुसऱ्यात.

आधी सोपं उरकू. नोंदणीचा कायदा १९०८ सालचा. त्याचं २८ वं कलम असं सांगतं की जमिनीचा दस्त, म्हणजे खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, साठेखत, हे ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत ती जमीन किंवा तिचा काही भाग आहे त्याच्याच कचेरीत द्यायचे. खरेदीदार कुठं राहतो, विकणारा नोकरीला कुठं आहे, बँकेची शाखा कुठं आहे, याला इथे काही किंमत नाही. मुखत्यारपत्राचं मात्र उलट आहे. तिथे मुखत्यार नेमणारा माणूस जिथे राहतो तिथल्या निबंधकापुढे ते करायचं असतं. मुंबईला राहणारा भाऊ तिथे मुखत्यारपत्र करून पाठवतो आणि मग लोकांना वाटतं की खरेदीखतही मुंबईत होईल. तसं होत नाही. जमीन जिथली, दस्त तिथला.

आता ही हद्द म्हणजे काय? कायद्यात तिला उपजिल्हा म्हणतात. राज्य सरकार अधिसूचना काढून तो ठरवतं. बहुतेक ठिकाणी उपजिल्हा म्हणजे तालुकाच असतो, म्हणून आपण डोळे झाकून तालुक्याला जातो. पण महसुलाचा तालुका आणि नोंदणीचा उपजिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ध्यानात ठेवा. बाजाराचं गाव, पोलीस ठाणं, पंचायत समितीचा गण यांचा तर याच्याशी अजिबात संबंध नाही.

मग शोधायचं कसं? हातात ताजा सातबारा घ्या आणि वरची ओळ वाचा: गाव, तालुका, जिल्हा. इथेच पहिली चूक होते. आपण वाडीवर राहतो, वाडीची ग्रामपंचायतही वेगळी झालेली असते, दाखले वाडीच्या नावाने मिळतात. पण महसुली गाव मूळचंच राहिलेलं असतं. दस्तात सातबाऱ्यावरचंच गाव लिहायचं, वाडीचं नाही. बुद्रुक आणि खुर्द यांचा घोळही असाच. दोन्ही गावांत गट नंबर २१२ असतो, दस्तलेखकाने घाईत खुर्दऐवजी बुद्रुक टाइप केलं की कागदोपत्री तुम्ही भलत्याच माणसाच्या गटाला हात घातलेला असतो. मग चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो, आणि त्यासाठी विकणारा पुन्हा सहीला यावा लागतो. पैसे घेऊन झालेला माणूस दुसऱ्यांदा किती खुशीने येतो, हे मी सांगायला नको.

गावाचं नाव पक्कं झालं की सर्वांत सोपी वाट शेजाऱ्याची. गेल्या वर्षभरात तुमच्याच गावात कुणीतरी जमीन घेतलीच असेल. त्याच्याकडची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण जिला इंडेक्स टू म्हणतो ती, मागा. त्यावर दुय्यम निबंधकाच्या कचेरीचं नाव, दस्त क्रमांक, वर्ष आणि गावाचं नाव छापलेलं असतं. ज्या कचेरीने शेजाऱ्याचा दस्त घेतला ती तुमच्या गावावर अधिकार असलेली कचेरी. दस्ताच्या पानांवरच्या शिक्क्यात कचेरीची खूणही असते. हवेलीच्या दस्तावर ‘हवल’, पनवेलच्या दस्तावर ‘पवल’, ठाण्याच्या दस्तावर ‘टनन’ अशी ती अक्षरं, पुढे कचेरीचा नंबर. ही अक्षरं वाचायची सवय लावून घ्या, पुढे उपयोगी पडेल. शेजारी कागद दाखवायला तयार नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सह जिल्हा निबंधकांचं कार्यालय असतं, तिथे गावाचं नाव सांगून विचारा. खात्याच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावरही कार्यालयांची यादी मिळते.

हे सही करण्याआधी विचारायचं, नंतर नाही. दस्तावर सह्या झाल्या त्या दिवसापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला द्यावा लागतो. चुकीच्या कचेरीने परत पाठवला तरी चार महिने सहीच्या तारखेपासूनच मोजतात, परत पाठवल्याच्या तारखेपासून नाही. समजा १२ जानेवारीला सह्या झाल्या, तर १२ मेपर्यंतच मुदत. त्यानंतर आणखी चार महिने मिळू शकतात, पण उशिराचं खरं कारण दाखवावं लागतं आणि नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत दंड होऊ शकतो. तीही मुदत गेली की पुन्हा नवा दस्त, म्हणजे पुन्हा विकणाऱ्याच्या दारात.

इथपर्यंत सोपं होतं. आता दुसरी बाजू.

माझ्या सजातल्या एका शेतकऱ्याने एक एकराचा, म्हणजे ४० आर जमिनीचा सौदा ठरवला. विहिरीत हिस्सा होता, बांधाला पाट होता, एकरी बारा लाख ठरले. दोन लाख इसार दिला. माणूस सावध होता. त्याने ओळखीच्या दस्तलेखकाकरवी तालुक्याच्या रजिस्टर कचेरीत शोध घेतला. तीस वर्षांत त्या गटाचा एकही व्यवहार नाही, असं उत्तर आलं. सातबारा कोरा. इतर हक्कात सोसायटीचा बोजा होता तोही फेडलेला. खरेदीखताचा दिवस ठरला, मुद्रांकाचे पैसे भरायचे बाकी होते.

त्याचा भाचा पुण्याला शिकतो. त्याने सहज म्हणून खात्याच्या ई-सर्चवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकून एकेक वर्ष पाहिलं. मागच्याच वर्षीची एक नोंद निघाली. त्याच गटाचं साठेखत, तिसऱ्याच माणसाच्या नावे. शोधाच्या तक्त्यात SROName असा एक रकाना असतो, त्यात दस्त ज्या कचेरीत नोंदला तिचं नाव येतं. तिथे तालुक्याच्या नावापुढे ‘२’ होतं.

म्हणजे काय झालं? त्या तालुक्यात दोन कचेऱ्या आहेत. जुनी कचेरी तहसीलच्या आवारात, आणि कामाचा बोजा वाढल्यावर काढलेली सह दुय्यम निबंधकाची कचेरी अठरा किलोमीटरवरच्या बाजारपेठेच्या गावात. दोघींनाही पूर्ण तालुक्याचा अधिकार. विकणाऱ्याने साठेखत दुसऱ्या कचेरीत केलं, शोध झाला पहिल्या कचेरीच्या सूचीत. दस्तलेखक खोटं बोलला नव्हता. त्याच्यासमोर जी बुकं होती त्यांत खरोखरच काही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सातबाऱ्यावर का दिसलं नाही? कारण साठेखताने मालकी जात नाही, ते पुढे खरेदीखत करून देण्याचा करार असतो. त्यामुळे त्याचा सहसा फेरफार होत नाही आणि सातबारा कोराच दिसतो. पण नोंदलेलं साठेखत म्हणजे जगाला दिलेली सूचना, असं कायदा धरतो. ‘मला माहीत नव्हतं’ हे पुढच्या खरेदीदाराला कोर्टात सांगता येत नाही. आधीचा करारवाला उभा राहिला तर बारा लाख देऊन घेतलेल्या जमिनीसाठी दावा लढत बसायचं. आमचा शेतकरी त्यातून वाचला. पण इसाराचे दोन लाख परत मिळवायला त्याला आठ महिने फेऱ्या माराव्या लागल्या, आणि तेही तुकड्या-तुकड्याने आले.

तेव्हा तुमच्या गावाला कोणती कचेरी लागते हे विचारताना प्रश्न बदला. ‘माझ्या गावाचे दस्त किती आणि कोणकोणत्या कचेऱ्या घेतात?’ असं विचारा. पुण्याजवळच्या हवेली तालुक्यात अशा वीसहून जास्त कचेऱ्या आहेत, हवेली क्रमांक १, २, ३ अशा. तिथे एका कचेरीतला शोध म्हणजे वीस कणग्यांतली एक उघडून धान्य संपलं म्हणण्यासारखं. वाढत्या गावांच्या तालुक्यांत हेच होत जाणार.

याच जोडीला ताजी गोष्ट. २०२५ साली सरकारने ‘एक राज्य, एक नोंदणी’ अशी योजना जाहीर केली. कोणत्याही कचेरीत जाऊन दस्त नोंदवता यावा हा तिचा हेतू. हेलपाटे वाचतील, तालुक्याच्या कचेरीतली गर्दी कमी होईल, दलालाची पकड सैल होईल, हे खरं आहे आणि मला ते पटतं. पण दोन गोष्टी सांगतो. एक, जाहीर होणं वेगळं आणि आपल्या गावासाठी त्या कचेरीला अधिकार मिळणं वेगळं. २८ वं कलम आहेच. दुसरी कचेरी तुमचा दस्त घेऊ शकते ती सरकारने अधिकृतपणे तिला तुमच्या भागाचा अधिकार दिला असेल तर. म्हणून पेपरातली बातमी कापून खिशात न ठेवता, ज्या कचेरीत जायचं तिथे आधी जाऊन ‘अमुक तालुक्यातल्या अमुक गावचा दस्त तुम्ही घेता का’ असं स्पष्ट विचारा. दुसरी गोष्ट अशी की दस्त जितक्या जास्त ठिकाणी नोंदता येतील तितक्या जास्त ठिकाणी आधीचा दस्त लपून बसू शकतो. आजवर तालुक्याची सूची चाळली की निम्मी तरी खात्री व्हायची. पुढे कचेरीनिहाय शोध घेण्यात अर्थ उरणार नाही, गावनिहाय शोधच घ्यावा लागेल.

गावनिहाय शोध म्हणजे तोच ई-सर्च. तो घरबसल्या फुकट होतो, गावात कुणाकडेही मोबाईल आहे, भाच्यापुतण्याला सांगा. पण त्याच्या मर्यादा समजून घ्या. गट नंबर ‘२१२/१’ असेल तर नुसता ‘२१२’ टाकूनही पाहा, कारण नोंद करणाऱ्याने कसा भरलाय ते आपल्या हातात नाही. जुने सर्व्हे नंबर आणि गटवारीनंतरचे गट नंबर वेगळे, तेव्हा दोन्ही टाकून बघा. आणि जुन्या वर्षांची माहिती सगळ्या गावांची सारखी भरलेली नाही. पडद्यावर काही दिसलं नाही म्हणजे दस्तच नाही, असं धरू नका. जुन्यासाठी बुकंच पाहावी लागतात. जमिनीच्या दस्तांचं एक नंबरचं बुक आणि त्याच्या सूची फी भरून कुणालाही पाहता येतात, नक्कलही मिळते. मालकाची परवानगी लागत नाही. कुणी तशी मागितली तर नम्रपणे ५७ व्या कलमाचा आकडा सांगा.

जुन्या दस्ताचं आणखी एक कोडं आहे, ते तालुके फुटण्याचं. आपल्या राज्यात १९९९ साली बरेच नवे तालुके झाले. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला राहाता तालुका त्यातलाच. त्याआधी शिर्डी कोपरगाव तालुक्यात होती. आता शिर्डीतल्या एखाद्या जमिनीचं १९८५ सालचं खरेदीखत हवं असेल तर राहात्याच्या बुकात शोधून ते सापडेल अशी आशा धरू नका. त्या वेळी शिर्डी ज्या तालुक्यात होती तिथून, म्हणजे कोपरगावपासून शोध सुरू करायचा. दस्त नोंदताना ज्या कचेरीचं बुक होतं त्यातच तो लिहिला गेला. पुढे गाव दुसऱ्या तालुक्यात गेलं म्हणून लिहिलेलं पान फाडून कुणी नव्या बुकात चिकटवत नाही. जिल्हा फुटला तर मात्र इतका घोळ होत नाही. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार, १९९९ साली परभणीतून हिंगोली, २०१४ साली ठाण्यातून पालघर निघाला, पण जो तालुका सबंधच्या सबंध नव्या जिल्ह्यात गेला त्याची कचेरी जागेवरच राहते, फक्त वरचा साहेब बदलतो.

जुनी कचेरी कोणती हे शोधायची किल्ली तलाठ्याकडे आहे. २०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तुमच्या-आमच्या तोंडी अजून तलाठीच. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफाराचे. त्या नंबरचा फेरफार काढून वाचा. खरेदीने झालेल्या फेरफारात बहुधा खरेदीची तारीख असते, आणि दस्ताचा नंबर व कचेरीही लिहिलेली सापडते. एवढं मिळालं की शोध तासाभराचा. नुसतं ‘आजोबांनी पंचाऐंशी-शहाऐंशीला घेतली होती’ एवढ्यावर गेलात तर दोन-दोन कचेऱ्यांची चार-चार वर्षांची सूची चाळत बसाल.

शिवेवरच्या गावांसाठी एक सांगायला हवं. नदीच्या अलीकडचा गट एका तालुक्यात, पलीकडचा दुसऱ्या तालुक्यात, आणि दोन्ही एकाच खरेदीखतात घ्यायचे आहेत. दोन दस्त करायची गरज नाही. काही भाग हद्दीत असला तरी चालतो, म्हणून दोनपैकी कोणत्याही एका कचेरीत दस्त नोंदता येतो. तिथला दुय्यम निबंधक दुसऱ्या कचेरीला त्याचं टिपण पाठवतो, तिथे ते दप्तरी लागतं. गाडं अडतं ते या टिपणावर. ते वेळेत पोचलं नाही तर दुसऱ्या तालुक्यात शोध घेणाऱ्याला तुमची खरेदी दिसत नाही आणि तिथला फेरफारही अडकतो. तेव्हा नोंदणी झाली की महिनाभराने स्वतः दुसऱ्या कचेरीत जाऊन टिपण आलंय का ते पाहा, आणि दस्ताची नक्कल व इंडेक्स टू दोन्ही गावच्या तलाठ्यांकडे वेगवेगळी द्या. फेरफाराची नोटीस निघून पंधरा दिवस हरकतीला असतात, ते दोन्ही गावांत वेगवेगळे मोजायचे.

या सवलतीचा गैरफायदा घ्यायची कल्पनाही कधीकधी कुणीतरी पुढे करतो. सोयीच्या कचेरीच्या हद्दीतली एखादी अर्धा गुंठ्याची जागा नावापुरती दस्तात घालायची आणि लांबची मोठी जमीन तिथेच नोंदवून टाकायची. हे नवीन नाही. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे असंच प्रकरण गेलं होतं. दस्तात कलकत्त्यातली एक मिळकत घातली होती, ती प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती, केवळ कलकत्त्याला नोंदणी व्हावी म्हणून लिहिलेली. कौन्सिलने ती नोंदणीच धरली नाही. तेव्हा दस्तलेखक ‘काही होत नाही, सगळेच करतात’ म्हणाला तर त्याला सांगा की जमीन माझी जाणार आहे, तुझी नाही.

ग्रामपंचायतीतल्या मंडळींना एक विनंती आहे. आपल्या महसुली गावाचे दस्त सध्या कोणकोणत्या कचेऱ्या घेतात, आणि गाव पूर्वी कोणत्या तालुक्यात होतं, एवढ्या दोन ओळी नोटीस बोर्डावर लावता येतील. कचेरीची नावं सह जिल्हा निबंधकांकडून लेखी घ्या, तारीख टाका, आणि नवी अधिसूचना निघाली की बदला. आमच्या सजातल्या एका गावाने तो कागद लावला आहे. त्यावर तालुक्याच्या दोन्ही कचेऱ्या, त्यांचे पत्ते आणि खाली पेनाने ‘शोध दोन्हीकडे घ्यावा’ असं लिहिलंय. ते पेनाचं अक्षर त्या दोन लाखवाल्याचं आहे.